बिनकोळशाची मसाला उदबत्ती: सुगंध घातला की विझते, काय चुकतंय?

सई_निपाणी

घरी हाताने वळलेल्या मसाला बत्तीचा प्रश्न आहे. कोळसा अजिबात नको, बाजारातली कच्ची काळी बत्ती आणून सेंटमध्ये बुडवायची नाही, मसाल्यातच सुगंध हवा. सध्याचं प्रमाण ५०० ग्रॅम कोरड्या मसाल्याचं असं आहे: लाकडाची पांढरी भुकटी १३० ग्रॅम, जिगट १७०, लोबान ७०, नागरमोथा ५०, वाळा ३०, कापूरकचरी ३०, दगडफूल २०. सगळं ८० नंबरच्या चाळणीतून चाळलेलं. पाणी अंदाजाने ३५० मिली. सुगंधी तेल ५० मिली, ते पाण्यातच मिसळून कणीक मळते. काडी ८ इंची, गोल, बाजारची.

तेल न घालता केलेली बत्ती कशीबशी शेवटपर्यंत जाते. तेल घातलेली इंच-दीड इंच जळून विझते. काही बत्त्यांचा मसाला काडीवरून सालीसारखा सुटतो, तो प्रकार वेगळा. जिगट कमी केलं तर वळतानाच तुटतं, म्हणून वाढवत वाढवत १७० वर आले. तेल कमी करायचं, की आणखी काही?

पक्या_इचलकरंजी

सोपं आहे ताई. सोरा घाला. पाण्यात विरघळवून ५ टक्के. कशीही बत्ती असू दे, विझायची बिशाद नाही.

गंधी_बेळगाव

पक्याभाऊ, ५ टक्के सोरा म्हणजे फुलबाजी झाली. चरचर आवाज करत पेटते, पंधरा मिनिटांत संपते आणि सुगंधाच्या आधी सोऱ्याचाच वास येतो. ज्यांना घालायचाच आहे ते फार तर १ टक्क्यापर्यंत जातात, तोही कणकेच्या पाण्यात पूर्ण विरघळवून. कोरडा सोरा लाकडाच्या भुकटीबरोबर मिक्सरमध्ये किंवा खलात कधीही घालू नका, ते मिश्रण ठिणगीने भडकतं. आणि सोऱ्याने दोष झाकला जातो, जात नाही.

सईताई, तेल हा शेवटचा धक्का आहे. बत्ती आधीच काठावर जळते आहे. कोळशाच्या बत्तीत निखारा कोळशावर टिकतो, आपल्या बत्तीत तो लाकडाच्या भुकटीवर टिकतो. तुमच्या मसाल्यात लाकूड पाव भागाच्या आसपास आहे. जिगट ३४ टक्के आणि लोबान १४ टक्के, म्हणजे निम्मा माल असा की जो एकट्याने नीट धुमसत नाही. जिगट जळतं पण सुकल्यावर फार घट्ट बसतं, हवेला आत जायला वाट ठेवत नाही. लोबान आधी वितळतो आणि निखाऱ्यासमोरची भोकं बुजवतो. त्यावर १० टक्के तेल घातलं की ते तापवून उडवण्यातच निखाऱ्याची उष्णता खर्च होते.

विझलेल्या बत्तीचं टोक भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघा आणि सांगा कसं दिसतं. टोकाला काळा चकचकीत मणी जमला असेल तर राळ किंवा तेल जास्त. टोक बोथट, कडक, मातकट असेल आणि काडी मात्र आत आणखी दोन-तीन मिलिमीटर करपलेली असेल, तर मसाला फार घट्ट आहे किंवा त्यात न जळणारं काही आहे. विझण्याआधी बारीक सूंऽऽ आवाज आला आणि टोकाशी ओलसर तपकिरी कडं दिसलं तर बत्ती वाळलेलीच नाही. नीट जळणाऱ्या बत्तीचा निखारा पेन्सिलीच्या टोकासारखा निमुळता असतो आणि राख फिकट करडी, हलकी, किंचित वाकून पडणारी.

आजीचा_बटवा

पण मुळात बांबू जाळूच नये म्हणतात ना? आमच्याकडे म्हणून उदबत्तीच लावत नाहीत, धूप लावतात. बांबूशिवाय करून बघा, विझणारही नाही.

मंजिरी_ठाणे

आजी, बांबू जाळावा की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा विषय. पण बांबूशिवाय विझणार नाही हे उलट आहे. काडी स्वतः जळत असते आणि आतून मसाल्याला ऊब देते. काडी काढली की मसाल्याला सगळं एकट्याने निभवावं लागतं. सईताईंचा हा मसाला बिनकाडीचा केला तर आणखी लवकर विझेल.

आजीचा_बटवा

असं होय. मग बिनकाडीच्या कांड्यांसाठी वेगळा धागा काढते. इथे गोंधळ नको.

सई_निपाणी

फोटो काढून पाहिला. चकचकीत मणी नाही. टोक बोथट आणि मातकटच आहे, बोटाला खरखरीत लागतं. राख पांढरट आणि जड, टोकाला चिकटून राहते, पडत नाही. काडी आत करपलेली आहे.

गंधी_बेळगाव

मग मला जिगटचा संशय येतो. लाकडाची राख एवढी जड नसते. दोन गोष्टी करा.

एक, चमचाभर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम जिगट १०० मिली थंड पाण्यात हलवून दहा मिनिटं ठेवा. चांगलं जिगट फुगून पाणी दाटसर, बुळबुळीत होतं आणि दोन बोटांत धरून ताणलं तर तार येते. तळाशी गाळ बसला आणि वर पातळ पाणीच राहिलं तर माल हलका.

दोन, अंगणात जुन्या लोखंडी तव्यावर १० ग्रॅम जिगट पूर्ण जळेपर्यंत तापवा. काळेपणा जाऊन करडी राख उरेपर्यंत, घाई करू नका, धूर बराच होतो. साल आहे, थोडी राख उरणारच. पण ग्रॅमपेक्षा बरीच जास्त उरली आणि चिमटीत वाळूसारखी कचकचली, तर त्यात दगडाची पूड नाहीतर माती आहे.

जिगट म्हणजे मैदालकडीच्या झाडाची साल. साल ओरबाडून झाडं कमी झाली, भाव चढले, आणि भेसळ वाढली. भुसा मिसळलेला असला तर एकवेळ चालतं, चिकटपणा कमी पडतो पण जळायला अडत नाही. दगडाची पूड मिसळलेली असली तर दोन्हीकडून मार: चिकटत नाही म्हणून तुम्ही जास्त घालता, आणि जितकं जास्त घालाल तितकी बत्ती विझते.

सई_निपाणी

काका, १० ग्रॅममधले जवळजवळ ३ ग्रॅम उरले. चिमटीत कचकचतं. पाण्यातल्या चाचणीत तळाशी पांढरट थर बसला, तार आलीच नाही.

गंधी_बेळगाव

सापडलं. ते पोतं बाजूला ठेवा. दुसरीकडून जिगट आणताना किलोभर घेऊ नका, आधी ५० ग्रॅमचा नमुना मागा आणि या दोन्ही चाचण्या करूनच पुढचं बोला. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

चांगलं जिगट मिळालं की ५०० ग्रॅमसाठी माझं प्रमाण असं: लाकडाची भुकटी २५०, जिगट १२०, नागरमोथा ४०, वाळा ३०, कापूरकचरी ३०, लोबान ३०. दगडफूल पहिल्या घाण्यात नको, बत्ती नीट जळायला लागली की हवं तर लाकडातून तेवढं कमी करून घाला. जिगट फार जोरकस निघालं तर १०० वरही भागतं. वळताना मसाला तुटत नाही ना, एवढंच पाहायचं, त्याच्यावर एक चमचाही जास्त नको.

आणि लाकडाची भुकटी कुठली ते सांगितलं नाहीत तुम्ही. सुताराकडचा भुसा असेल तर त्यात प्लायवूड किंवा एमडीएफची धूळ नको, त्यातला गोंद जळाला की डोळे चुरचुरतात. सागाचा भुसाही टाळा, वास मसाल्यावर चढतो.

धूपछाव

लाकडाऐवजी देशी गाईच्या शेणाची भुकटी का नाही? शेणी वाळवून, दळून, चाळून. जळायला एक नंबर, फुकट, आणि भेसळीची भानगड नाही. आम्ही लाकूड पूर्ण बंद केलंय.

गंधी_बेळगाव

जळायला चांगली, यात वाद नाही. पण तिचा स्वतःचा वास आहे, तो मोगऱ्यासारख्या नाजूक सुगंधाखाली लपत नाही. लोबान, गुगुळ, राळ असल्या जड मसाल्यात खपून जाते. मी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालणार नाही.

धूपछाव

आमच्या गिऱ्हाइकांना तोच वास हवा असतो. असो, आपापली चव.

मंजिरी_ठाणे

तेलाबद्दल. सईताई, तेल पाण्यात मिसळून कणीक मळता, ते थांबवा. तेल पाण्यात विरघळत नाही, ते जिगटच्या कणांवर जाऊन बसतं. तेलकट झालेल्या कणात पाणी शिरत नाही, मग ते फुगत नाही आणि चिकटत नाही. म्हणजे चांगलं जिगटही हलकं वाटायला लागतं. तुमची साल सुटते त्यातला काही भाग याचा असणार.

क्रम उलटा करा. जिगट बाजूला ठेवून बाकी सगळी भुकटी एकत्र करा. तेल आधी वाळा, नागरमोथा आणि थोड्या लाकडाच्या भुकटीवर थेंब थेंब टाकून तळहातांत चोळा, रव्याला तूप चोळतो तसं, गुठळी राहता कामा नये. मग त्यात लोबान आणि उरलेलं लाकूड मिसळा. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर, जमलं तर चोवीस तास ठेवा. तेल लाकडाच्या आत मुरतं. जिगट दुसऱ्या दिवशी, कोरडंच मिसळायचं, आणि लगेच पाणी घालून मळायला घ्यायचं.

५०० ग्रॅमला ५० मिली तेल कोळशाविना झेपणार नाही. २५ मिलीने सुरू करा.

पक्या_इचलकरंजी

२५ मिलीत काय वास येणार? बाजारातली बत्ती पाकीट फोडायच्या आधीच दरवळते.

मंजिरी_ठाणे

पाकिटातला दरवळ आणि जळतानाचा सुगंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निखाऱ्यात सुगंध टिकत नाही, तिथे तो जळूनच जातो. निखाऱ्याच्या मागे काही मिलिमीटरचा तापलेला पट्टा असतो, तिथून तेलाची वाफ निघते आणि तीच आपल्याला येते. लिंबू, संत्रं, गवती चहा ही हलकी तेलं बत्ती वाळतानाच निम्मीशिम्मी उडून जातात. जी उरतात ती पाकिटात छान वाटतात, पेटवल्यावर काही नाही. वाळ्याचं तेल, चंदन, पचौली, लोबानाचा अर्क अशी जड तेलं थंड बत्तीत मुकी वाटतात आणि पेटवल्यावर बोलतात. म्हणून हलक्या तेलाला जड तेलाची जोड द्यायची. २५ मिलीमध्ये १० मिली तरी जड हवं. सुगंध बांधून ठेवण्याचं काम तेच करतं, शिवाय मसाल्यातला लोबान आणि वाळा आहेच.

अजून एक. बाजारातला 'सेंट' बहुतेक वेळा आधीच डीईपी, म्हणजे डायइथाइल थॅलेट हे बिनवासाचं तेलकट द्रव, घालून पातळ केलेला असतो. सोख्त्यावर दोन थेंब टाका, उद्या याच वेळी बघा. वास गेलेला आणि तेलकट डाग मात्र तसाच असेल, तर तुम्ही सुगंधाच्या भावाने डीईपी विकत घेतलंय. असा सेंट मसाल्यात घातला की वास वाढत नाही, फक्त बत्ती विझते.

रानमाणूस_कुडाळ

काडीवर कोणीच बोलत नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडे माणग्याच्या काड्या घरीच काढतात. माणगा भरीव, मजबूत, पण पेर आखूड, सगळ्या पेरांत ८ इंच बसतातच असं नाही. गाठ काडीत आली की तिथे मसाला फुगतो आणि निखारा अडकतो. शिवाय ओल्या बांबूच्या काड्या काढून लगेच वापरल्या की महिन्याभरात भुंगेरा लागतो, पाकिटात पिवळी भुकटी दिसते. यावर काय करता? आणि मानवेल कसा?

गंधी_बेळगाव

मानवेलाचं पेर लांब, पण तो जरा दांडगा असतो, सव्वा-दीड मिलिमीटरपर्यंत तासताना तंतू उसवतात. हात बसला तर चांगली काडी होते. त्रिपुराकडून येणाऱ्या काड्या मृतिंगा बांबूच्या असतात, पेर लांब, काडी सरळ चिरते. २०२० च्या जूनमध्ये काड्यांवरचं आयात शुल्क १० वरून २५ टक्के झालं, तेव्हापासून इकडच्या काड्यांची मागणी वाढली आहे, पण दर्जा गठ्ठ्यागणिक बदलतो.

भुंगेरा बांबूतल्या पिठावर जगतो. बांबू पक्व, तीन वर्षांवरचा हवा आणि पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला. चिरलेल्या काड्या दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवल्या, पाणी रोज बदललं, तर बरंच पीठ उतरतं. मग कडक वाळवायच्या. औषध मारलेली काडी वापरू नका, ती घरात जाळायची आहे.

सईताई, तुमची काडी गोल आहे हा साल सुटण्याचा दुसरा भाग. यंत्राला गोल काडी लागते. हाताने वळायला चौकोनी, किंचित खरबरीत काडी बरी, मसाल्याला धरायला कडा मिळतात. गोल काडीवर मसाल्याची नळी तयार होते आणि वाळून आक्रसली की काडीभोवती फिरते. गोलच वापरायची असेल तर वळायच्या अगदी आधी मूठभर काड्या ओल्या फडक्यातून ओढून घ्या. ओलसर पृष्ठभागाला जिगट धरतं. काड्या भिजवायच्या मात्र नाहीत, भिजलेली काडी नंतर आक्रसते आणि पुन्हा तेच.

सई_निपाणी

पाणी किती आणि कणीक कशी हवी? वळण्याची पद्धतही एकदा नीट सांगाल का? माझ्या बत्त्या टोकाला जाड आणि खाली बारीक होतात.

गंधी_बेळगाव

५०० ग्रॅमला ३०० मिली पाण्याने सुरू करा, कोमट असेल तर बरं. मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. जिगट हळूहळू पाणी ओढतं. सुरुवातीला सैल वाटलेली कणीक अर्ध्या तासाने घट्ट होते, आणि आधीच घट्ट मळलेली नंतर फुटते. मग चमचा चमचा पाणी वाढवत न्या, ३५० पर्यंत जाईल, भुकटी कोरडी असेल तर थोडं वर. सुपारीएवढी गोळी करून अंगठ्याने दाबा. कडेला भेगा पडल्या तर पाणी कमी. अंगठ्याला चिकटून आली तर जास्त.

एका बत्तीला दीड ग्रॅमच्या आसपास ओली कणीक, छोट्या बोराएवढी. पहिल्या दहा गोळ्या काट्यावर मोजून घ्या म्हणजे हाताला अंदाज बसतो. पाटावर लाकडाची भुकटी भुरभुरवा. गोळी आधी बोटाएवढी लांब करा, काडीचं टोक तिच्यात दाबा, आणि टोकाकडून मुठीकडे तळव्याच्या टाचेने वळत या. दाब बोटांचा नाही, टाचेचा. टोकाला जाड राहते कारण तिथे तुम्ही सुरुवातीला जपून दाबता. शेवटी पुन्हा एकदा पूर्ण लांबीवर हलक्या हाताने उलटसुलट फिरवा. खाली दीड इंच काडी मोकळी. एकूण जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास, त्याहून जाड केली की आतून वाळत नाही. मसाला कमी पडला म्हणून मध्येच दुसरी चिमूट जोडू नका. तो जोड वाळल्यावर कडं होऊन फाकतो आणि निखारा तिथेच थांबतो. सरळ मोडून परत गोळ्यात टाका.

५०० ग्रॅम कोरड्या मसाल्यात ८ इंची पाचशे ते साडेपाचशे बत्त्या होतात, काड्या १०० ग्रॅम लागतात. तुमच्या याहून बऱ्याच कमी होत असतील तर जाड वळताय.

वाळवणं सावलीत, हवेशीर, जाळीवर. पहिल्या दोन तासांत एकदा उलटवा, नाहीतर वाकतात. उन्हात ठेवली की बाहेरचा थर आधी आक्रसतो आणि उभी चीर पडते. उभी चीर दिसली की वाळवणं किंवा पाणी चुकलं. आडवी चीर दिसली की वळणं किंवा चाळणी.

पक्या_इचलकरंजी

पावसात सावलीत काय वाळणार? पुठ्ठ्याच्या खोक्यात ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवा, रात्रीत काम तमाम.

मंजिरी_ठाणे

तेल घातलेल्या बत्तीला ही युक्ती नको. एक तर तेल उडतं, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच. दुसरं, लाकडाची भुकटी, तेल, पुठ्ठा आणि तापलेला बल्ब रात्रभर एकत्र, आणि बघायला कोणी जागं नाही. पंखा लावा. खोली बंद ठेवून ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात ते ठेवले तरी फरक पडतो.

बत्ती वाळली का हे हाताला कळत नाही. वीस बत्त्यांची जुडी काट्यावर ठेवा, वजन लिहा. बारा तासांनी परत. दोन वजनं सारखी आली की वाळली. कोकणात आणि ठाण्यात जुलैमध्ये याला चार-पाच दिवसही लागतात, आणि तोवर पांढरी बुरशी आली तर तो घाणा गेला. म्हणून पावसाळ्यात एका वेळी पाव किलोच्या वर भिजवू नये असं माझं मत.

रानमाणूस_कुडाळ

आमच्याकडे तर चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. मस्त वाळते.

मंजिरी_ठाणे

आणि चुलीच्या धुराचा वास घेते. बिनवासाच्या कच्च्या बत्तीला चालेल कदाचित.

सई_निपाणी

मंजिरीताई, मग मसाल्यात कमी तेल घालून वाळल्यावर वरून बुडवली तर? दोन्ही पद्धती एकत्र?

मंजिरी_ठाणे

करता येतं. हलक्या सुगंधांना तेच बरं, कारण ते वाळवण्यातून वाचतात. सुगंध एक भाग, डीईपी तीन भाग. त्याच्याऐवजी डीपीजी, म्हणजे डायप्रोपिलिन ग्लायकॉल पण मिळतं, पण ते हवेतली ओल ओढतं, पावसाळ्यात बत्ती दमट होते. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. डीईपी काही प्लास्टिक खातं, थर्माकोल ज्याचा बनतो त्याच प्लास्टिकच्या कडक पारदर्शक डब्यांना तर नक्कीच, मग तो चिकट लगदा बत्तीवर येतो. हातमोजे आणि उघडी खिडकी.

किती बुडवायची हे सेकंदांवर ठरवू नका, वजनावर ठरवा. १०० ग्रॅम कच्ची बत्ती बुडवून, निथळून १२० च्या पुढे जाऊ देऊ नका. कोळशाची बत्ती याहून बरंच पिऊन जळते, आपली नाही. मसाल्यात आधीच २५ मिली असेल तर वरून याच्याही निम्म्यावर थांबा. निथळल्यावर अर्धा दिवस उघडी, मग घट्ट पाकिटात पंधरा दिवस. बुडवल्या दिवशी पेटवून सुगंधाचा निकाल लावू नका, वरचं डीईपी आत उतरलेलं नसतं आणि काळपट धूर येतो.

डीईपी घालावं की नाही यावर मतं आहेत. 'नैसर्गिक' असं लिहून विकायचं असेल तर ते घालता येणार नाही, मग सगळी मदार मसाल्यातल्या जड तेलावर.

धूपछाव

आणि बिनकोळशाची म्हणजे बिनधुराची असं सांगून विकू नका. गिऱ्हाईक परत येऊन भांडतं.

गंधी_बेळगाव

शंभर टक्के खरं. कोळशाचा धूर आधीच निघून गेलेला असतो, लाकडाचा अजून निघायचा असतो. बिनकोळशाच्या बत्तीला धूर जास्तच असतो, फक्त वास वेगळा. बंद खोलीत, दम्याच्या माणसाजवळ दोन्ही सारख्याच नकोत.

सई_निपाणी

नवीन जिगट आणलं, आधी नमुना तपासून. १० ग्रॅमला ग्रॅमहून कमी राख, पाण्यात तार येते. काकांच्या प्रमाणाने पाव किलोचा घाणा केला, जिगट अर्ध्या प्रमाणाला ६० च्या जागी ५५ पुरलं. मंजिरीताईंच्या क्रमाने तेल १२ मिली, त्यात वाळा ५. वजन स्थिर व्हायला तीन दिवस लागले, पंख्याखाली.

सगळ्या शेवटपर्यंत जळतात. निखारा टोकदार, राख करडी. वेळ ४० मिनिटांच्या आसपास. याच मसाल्यातल्या थोड्या बत्त्यांवर वरून मोगऱ्याचा सेंट दिला, वजन १०० ला ११० पर्यंत. त्यातल्या काही अर्ध्यावर विझतात, सगळ्या नाही. फडक्यातून ओढलेल्या काड्यांवरची साल सुटत नाही, न ओढलेल्यांची अजून सुटते.

गंधी_बेळगाव

काही विझतात, सगळ्या नाही, म्हणजे सेंट सगळ्यांनी सारखा प्यायलेला नाही. जुडी घट्ट बांधून बुडवली असणार. बाहेरच्या बत्त्या भरपूर पितात, मधल्या कोरड्या राहतात, सरासरी मात्र ११० दिसते. जुडी सैल धरा, बुडवून झाल्यावर उलटी करून मोकळी काडी खाली येईल अशी उभी ठेवा आणि विझलेल्या बत्त्यांचं वजन जळलेल्यांशी ताडून बघा.

मंजिरी_ठाणे

आणि तो मोगऱ्याचा सेंट सोख्त्यावर टाकून पाहिला का? त्यात आधीच डीईपी असेल तर तुम्ही एकास तीन नाही, एकास पाच-सहा करताय.

सई_निपाणी

नाही पाहिला. आज टाकते, उद्या सांगते.

पक्या_इचलकरंजी

एक टक्का सोऱ्याला तरी परवानगी आहे ना, काका?

गंधी_बेळगाव

घाल बाबा. पण दोन्ही बत्त्या शेजारी लावून वास घे आणि मग इथे लिही.